पासवर्डच्या वहीत एक रकाना कमी आहे

ज्येष्ठ नागरिक संघांतून सायबर फसवणुकीवरची व्याख्याने आता नेहमीची झाली आहेत. बँकेतून कोणी येते, पोलीस ठाण्यातून कोणी येते आणि तासाभरात बहुधा तीन सल्ले मिळतात. पासवर्ड अवघड ठेवा, तो कोणाला सांगू नका, आणि साइटवर कुलपाची खूण आहे ना ते बघा. पहिले दोन सल्ले चुकीचे नाहीत, पण खोट्या पानासमोर ते काही कामाचे नाहीत. तिथे माणूस पासवर्ड कोणाला ‘सांगत’ नसतो. आपल्याच बँकेच्या पानावर टाकतो आहोत या समजुतीने तो टाकत असतो, आणि वीस अक्षरी पासवर्डही ‘1234’ इतक्याच सहजतेने समोरच्याच्या हाती जातो. म्हणून अशा व्याख्यानासाठी ‘पासवर्ड टाकण्याआधीच्या पाच सवयी’ हा विषय कोणी ठेवला, तर तो योग्यच आहे. मात्र या पाचही सवयींमागे एकच गोष्ट ठसवायला हवी असे माझे मत आहे: पान कसे दिसते, हा पुरावाच नव्हे. बोधचिन्ह, रंग, अशोकस्तंभ, अगदी ‘फसवणुकीपासून सावध राहा’ ही सूचनासुद्धा मूळ पानावरून जशीच्या तशी उचलता येते. उचलता येत नाही तो फक्त पत्ता.

तिसरा सल्ला, म्हणजे कुलूप, तर कधीच बाद व्हायला हवा होता. कुलूप एवढेच सांगते की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत जाणारा मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पाकीट चिकटवलेले आहे, इतकीच ती हमी. पाकीट कोणाच्या घरी चालले आहे, याबद्दल ती काही बोलत नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या संस्थेमुळे २०१५ पासून हे प्रमाणपत्र कोणालाही फुकट आणि काही मिनिटांत मिळते. ही सोय चांगल्यासाठी झाली, पण भामट्यांनीही ती लगेच उचलली. गूगलने केलेल्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना ठाऊक होता, आणि २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून ती खूणच काढून तिथे वेगळे चिन्ह आणले गेले. तरीही आपल्याकडच्या भित्तिपत्रकांवर कुलूप अजून लटकलेलेच आहे.

आता एक प्रसंग घेऊ, कारण तो दर नोव्हेंबरात येतो. केंद्र आणि राज्य सरकारच्या पेन्शनरांना या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ या सोयीने डिजिटलही देता येतो. नेमक्या याच दिवसांत संदेश येतो: ‘आपला हयातीचा दाखला प्रलंबित आहे. आज रात्री बारापर्यंत अद्ययावत न केल्यास पेन्शन बंद होईल.’ खाली लिंक. कधी पाठोपाठ फोनही येतो आणि बोलणाऱ्याला तुमची निवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक हेही ठाऊक असते. अशी माहिती असणे ही अधिकृतपणाची खूण मुळीच नाही, आणि सरकारी खात्यांनी तसा इशारा यापूर्वी दिलेला आहे. इथे पहिली सवय कामाला येते. संदेशात आज, आत्ता, रात्री बारा असे काही असले, की त्या लिंकवर पासवर्ड टाकायचाच नाही. आणि यात धोका किती? नोव्हेंबरात दाखला राहिलाच तर पेन्शन थांबते हे खरे, पण दाखला दिल्यावर ती थकबाकीसह पुन्हा सुरू होते. भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस पेन्शनरांना तर नोव्हेंबरचे बंधनच नाही. त्यांचा दाखला दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. रात्री बाराची धास्ती निव्वळ घाबरवण्यासाठी घातलेली असते.

दुसरी सवय रस्त्याची आहे. संदेश खरा असला तरी त्यातल्या लिंकवरून जायचे नाही, आपल्या वाटेने जायचे. यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे: हाताने पत्ता टाकताना एखादे अक्षर चुकले तर? चुकीच्या अक्षरांचे पत्ते विकत घेऊन दबा धरून बसणारे आहेतच. मग गूगलवर शोधावे, तर वरच्या ओळीत ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरात लिहिलेली जाहिरात असते, आणि पैसे भरून ती जागा कोणीही मिळवू शकतो. उपाय असा, की बँकेच्या पासबुकावरून किंवा शाखेतून पत्ता एकदाच, सावकाश, कोणाला तरी शेजारी बसवून टाकायचा. पान बरोबर उघडल्याची खात्री करून त्याचा बुकमार्क करायचा. पुढे प्रत्येक वेळी तिथूनच आत शिरायचे. अक्षर चुकण्याची वेळ मग एकदाच येते, आणि त्या वेळी आपण सावध असतो.

तिसरी सवय पत्ता वाचण्याची. व्याख्यानातला अर्धा वेळ हिलाच द्यावा, कारण बहुतेकांना हे कोणी शिकवलेलेच नसते. हा नमुना पाहा:

```
https://jeevanpramaan.gov.in.hayat-dakhla.example/login
```

डोळा डावीकडून वाचतो, त्याला jeevanpramaan.gov.in दिसते आणि मन निश्चिंत होते. मोबाइलवर तर जागेअभावी पत्ता बऱ्याचदा अर्धाच दिसतो, म्हणून आधी त्यावर बोट ठेवून तो पूर्ण उघडायचा. मग सुरुवातीच्या https:// नंतरची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचायचे. मालकी शेवटच्या तुकड्यांत असते. इथे मालक आहे hayat-dakhla.example, त्याच्या डावीकडे त्याने काहीही लिहावे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. (शेवटचा example हा शब्द केवळ नमुन्यांसाठी राखलेला असतो, भामट्याच्या पत्त्यात तिथे दुसरे काही असेल.) खऱ्या पत्त्यात रेघेच्या अगदी मागे टिंबासह .gov.in असते आणि ते नाव सरकारी संस्थांखेरीज कोणाला मिळत नाही. नुसते .in मात्र कोणीही विकत घेऊ शकतो. gov-in.in हा पत्ता सरकारी वाटतो, पण त्या आडव्या रेघेमुळे तो कोणाचाही असू शकतो. टिंब आणि आडवी रेघ यांतला फरक ज्याला दिसू लागला, त्याने बरेच काही मिळवले.

बँकांच्या बाबतीत हे काम आता सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना .bank.in या पत्त्यावर जायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे पत्ते बँकांनाच मिळतात. स्टेट बँकेचा पत्ता sbi.bank.in असा झाला. म्हणून पहिल्या तिरक्या रेघेच्या मागे टिंबासह .bank.in आहे का, हा एक प्रश्न बऱ्याच खोट्या पानांची गठडी वळतो. अगोदर कुठल्या बँकेचा पत्ता .com, कुठलीचा .co.in असे होते आणि ग्राहकाने ते सगळे लक्षात ठेवावे ही अपेक्षाच अन्यायाची होती.

पण नजर दमते. लहान पडद्यावर r आणि n जवळ आले की m वाटतात. maharashtra ऐवजी rnaharashtra लिहिले तर चष्म्यासह चुकायला होते. म्हणून चौथी सवय दुसऱ्या साक्षीदाराची. फोनमधला पासवर्ड मॅनेजर पानाचे रूप पाहत नाही, पत्त्यातले एकेक अक्षर जुळवतो. जिथे तो पासवर्ड जतन केला तोच पत्ता असेल तर भरतो, नाही तर गप्प बसतो. तो गप्प बसला की आपणही थांबायचे. इथे प्रामाणिकपणे एक मर्यादा सांगायला हवी. काही बँका हे आपोआप भरणे बंद ठेवतात, आणि जुन्या पत्त्यावर जतन केलेला पासवर्ड बँकेच्या नव्या bank.in पत्त्यावर भरला जाणार नाही. तेव्हा मॅनेजर गप्प बसला म्हणजे साइट खोटी, असे नाही. पत्ता पुन्हा वाचा, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्यांना मॅनेजर नको आहे, त्यांच्या वहीला नाके मुरडणे आता पुरे. कपाटातली वही परगावच्या भामट्याला दिसत नाही. ब्रिटनचे राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रसुद्धा पासवर्ड लिहून सुरक्षित जागी ठेवायला हरकत घेत नाही. आपल्या वहीत उणीव आहे ती वेगळीच. तिच्यात ‘बँक’ असे लिहून पुढे पासवर्ड असतो. मधे पत्त्याचा रकाना आखा, पत्ता ठळक अक्षरांत लिहा, आणि पासवर्ड वाचण्याआधी पडद्यावरच्या पत्त्याशी तो अक्षर-अक्षर ताडून पाहा. मॅनेजर जे काम करतो, ते बरेचसे ही वहीही करील.

पाचवी सवय म्हणजे मागणी तपासणे: या पानाला हे मागण्याचे कारण काय? जीवन प्रमाणला आधार, पीपीओ, बँक खाते यांचे क्रमांक लागतात, मोबाइलवरचा ओटीपी लागतो आणि बोटाचा ठसा किंवा चेहरा लागतो. नेट बँकिंगचा पासवर्ड तिथे कुठेच लागत नाही. तो मागितला गेला, तर पत्ता वाचायचीही गरज उरत नाही. ‘पासवर्ड गेला तरी ओटीपी आहेच की’ हा युक्तिवाद सभागृहात हमखास होतो. तो टिकत नाही. खोटे पान तुमचा पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या बँकेत टाकते, बँक तुम्हाला खरा ओटीपी पाठवते आणि खोटे पान तो मागून घेते. पण त्या संदेशात ओटीपी कशासाठी आहे तेही बहुधा लिहिलेले असते: नवा लाभार्थी जोडण्यासाठी, अमुक रकमेसाठी. हल्ली फोन नुसते सहा आकडे वर दाखवतो आणि तेच आपण उतरवतो. संदेश उघडून पूर्ण वाचायला हवा.

‘एवढे सगळे या वयात कोण करणार, त्यापेक्षा शाखेत जाऊ’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. ज्याला जमत नाही त्याने शाखेतच जावे, आणि बँकांनी त्याला खिडकीवर उभे राहू द्यावे. पण जे फोनवरून व्यवहार करतातच, त्यांनी हिशेब नीट समजून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाच्या गैरप्रकाराने पैसे गेले आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. मात्र ग्राहकानेच आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. खोट्या पानावर स्वतःच्या बोटांनी पासवर्ड टाकणारा माणूस या दुसऱ्या खान्यात ढकलला जाण्याचा धोका मोठा आहे. मला हे कठोर वाटते, पण नियम तसा आहे.

तेव्हा संघाच्या कार्यकारिणीला एक विनंती. पुढच्या सभेला प्रत्येकाला पासबुक आणि कोरी वही आणायला सांगा. पासवर्डची वही घरीच राहू द्या. बँकेचा आणि पेन्शनचा पत्ता तिथेच सर्वांकडून लिहून घ्या, आणि पहिल्या पानावर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांकही. पैसे गेल्यावर तो जितक्या लवकर फिरवला जाईल, तितकी ते वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त.