टपटप कुठून?

उधन्यातल्या आमच्या वर्गात पान्हा हातात देण्याआधी मी मुलांना नळ उघडायला लावतो. टाकीचा कॉक बंद केला, तरी पाइपात पाणी उरतंच; ते वाहून जाऊ द्यायचं. गरम पाण्याचा नळ असेल तर गिझरही बंद. मग बेसिनच्या जाळीवर फडकं टाकायचं, एका हाताने नळ घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने स्पिंडल सोडवायचा, नाहीतर भिंतीतला पाइप पिळतो.

परवा एकाने नवं अर्ध्या इंची वायसर बसवलं, तरी नळाच्या तोंडातून टपटप चालूच. कॉक पुन्हा बंद करून, नळ खोलून त्याला आत हळूच बोट फिरवायला सांगितलं.

“सर, खरखरीत लागतंय!”

वायसर जिथे टेकतं ती बैठकच झिजली होती. वायसर बिचारं काय करणार? शेवटी नळच बदलला. दांड्यापाशी गळत असतं, तर गोष्ट वेगळी. तिथे आतली दोरी बदलावी लागते.