किमान रक्कम भरली म्हणजे हप्ता भरला असं समजू नका

गेल्या आठवड्यात वस्तीवरच्या एका पोराने क्रेडिट कार्डाचं बिल दाखवलं. म्हणाला, "दादा, वर्षभर एक महिना चुकवला नाही, तरी बाकी हालत का नाही?"

त्याने कार्डावर ठिबकच्या नळ्या घेतल्या होत्या, ४० हजारांच्या. बिलावर 'किमान देय रक्कम' २,००० होती, म्हणजे बाकीच्या ५ टक्के. तो तेवढीच भरत गेला. व्याज ३.५ टक्के. आपल्याला पीककर्जाची सवय, तिथे वेळेत फेडलं तर ४ टक्के पडतात, म्हणून हा आकडा डोळ्यात खुपत नाही. पण ते ४ टक्के वर्षाचे, हे ३.५ टक्के महिन्याचे! वर्षाचे झाले ४२. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के.

आता हिशोब मांडू. ४० हजारांतले २,००० भरले, राहिले ३८ हजार. त्यावर महिन्याचं व्याज आणि कर मिळून १,५६९. पुढची बाकी ३९,५६९. खिशातून गेले २,०००, कर्ज उतरलं फक्त ४३१. बाकी जराशी उतरली की किमान रक्कमही उतरते, त्यामुळे फेड आणखी लांबते. असे १२ महिने भरले तर साधारण २२,६०० रुपये जातात आणि बाकी उरते ३५,१००.

हे झालं कार्ड पुन्हा वापरलं नाही तर. हा गडी महिन्याला हजाराचं डिझेलही त्याच कार्डावर टाकत होता. कर्ज उतरतंय चारशेनं, चढतंय हजारानं. वर्षाअखेर बाकी ४६ हजारांच्या वर! शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, डिझेल भरल्या दिवसापासून व्याज लागतं.

माझं मत विचाराल तर किमान रक्कम ही बँकेच्या सोयीची आहे. ती भरल्याने उशिराचा दंड टळतो आणि खातं थकीत दिसत नाही, एवढंच. व्याज थांबत नाही.

त्याला सांगितलं, आधी कार्ड कपाटात ठेव. मग दुधाच्या पगारातून दर महिन्याला ठरलेले ५,००० भर, बिलावर किमान रक्कम कितीही कमी दिसू दे. ४० हजारांची बाकी अशी १० हप्त्यांत संपते, एकूण ४७,२०० च्या आसपास जातात. तेवढं झेपत नसेल तर सोसायटीचं किंवा सोनेतारण कर्ज काढून कार्ड एकदम मिटवलेलं बरं, व्याज बरंच कमी पडतं. फक्त मिटवल्यावर पुन्हा कार्ड घासायचं नाही.

आज आपापलं बिल काढा आणि 'व्याज' ही ओळ बघा. भरलेल्या रकमेतला किती पैसा तिथे जातोय ते तिथेच कळेल.