पैसे वजा झाले, टोकन आले नाही: चूक ब्लॉकचेनची की रुपयाच्या वाटेची?

एनएफटी विकत घेण्यासाठी पैसे भरले आणि मग कळले की ते टोकन आधीच विकले गेले आहे, किंवा मालकाने ते विक्रीतून काढून घेतले आहे. टोकन हाती आले नाही आणि पैसेही दिसेनासे झाले. अशा तक्रारीला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक म्हणजे ब्लॉकचेनवर गेलेला पैसा परत येत नसतो. दुसरे म्हणजे हा सगळा व्यवहारच फसवणुकीचा. पैसा नेमका कोणत्या टप्प्यावर अडकला हे पाहण्याची तसदी यांतले कुणीच घेत नाही. सगळा प्रश्न मात्र त्या टप्प्याचाच आहे.

इथेरियमवरील बाजारात टोकन विक्रीला ठेवणे म्हणजे ते कुणाच्या ताब्यात देणे नव्हे. टोकन मालकाच्याच वॉलेटमध्ये राहते. मालक फक्त एका संदेशावर डिजिटल सही करतो: अमुक टोकन, अमुक किमतीला, अमुक मुदतीपर्यंत विकण्यास तयार आहे. ही सही बाजाराच्या सर्व्हरवर साठवलेली असते, ब्लॉकचेनवर नव्हे. संकेतस्थळावर जे ‘विक्रीस उपलब्ध’ म्हणून दिसते ते या सहीचे प्रतिबिंब आहे. आणि प्रतिबिंब काही सेकंद मागे राहू शकते.

ग्राहक खरेदीचे बटण दाबतो तेव्हा तीच सही आणि किमतीइतके इथर स्मार्ट काँट्रॅक्टकडे जाते. काँट्रॅक्ट तपासते: सही खरी आहे का, मुदत संपली आहे का, मालकाने ती रद्द केली आहे का, ती आधीच वापरली गेली आहे का, आणि टोकन अजून त्याच मालकाकडे आहे का. यांतली एक जरी अट मोडली तरी संपूर्ण व्यवहार उलटवला जातो. किंमत ग्राहकाच्या वॉलेटमध्येच राहते, कारण ‘पैसे दिले पण वस्तू नाही’ अशी अर्धवट अवस्था या रचनेत नोंदवलीच जात नाही. दोन्ही घडते किंवा काहीच घडत नाही.

पण फुकट काहीच नसते. तपासणी करण्यासाठी जाळ्याने जे काम केले त्याचे शुल्क, म्हणजे गॅस, व्यवहार फसला तरी द्यावेच लागते. समजा, टोकनाची किंमत ०.५ इथर आहे आणि इथरचा भाव दोन लाख रुपये. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी नवा ब्लॉक बनतो. एकाच ब्लॉकमध्ये दोन ग्राहकांचे व्यवहार आले. पहिल्याने प्रमाणकाला थोडे जास्त शुल्क देऊ केले होते, म्हणून तो आधी पार पडला. दुसऱ्याच्या व्यवहाराची पाळी येईपर्यंत सही वापरून झाली होती. तोवर त्याच्या व्यवहारात ६२,००० गॅस खर्ची पडला. दर ४० ग्वेई धरला तर हा खर्च ०.००२४८ इथर, म्हणजे सुमारे ४९६ रुपये होतो. त्याचे एक लाख रुपये सुरक्षित आहेत. गेले ते पाचशेच्या आतले. वॉलेट व्यवहार पाठवण्यापूर्वी त्याची तालीम करून धोक्याची सूचना देते हे खरे, पण ती तालीम आधीच्या ब्लॉकच्या स्थितीवर होते. शेवटच्या १२ सेकंदांतली शर्यत तिला दिसत नाही.

गैरसमजाचे मूळ आणखी एका साध्या गोष्टीत आहे. ब्लॉक एक्सप्लोररवर असा व्यवहार उघडला तर `Status` पुढे `Fail` असे दिसते, पण `Value` पुढे ०.५ इथर हा आकडा तसाच राहतो. घाबरलेला माणूस आकडा वाचतो, स्थिती वाचत नाही. तो आकडा पाठवू पाहिलेल्या रकमेचा आहे, पोहोचलेल्या नव्हे. खात्री करायची तर वॉलेटची शिल्लक त्या ब्लॉकच्या आधी आणि नंतर पाहावी. फरक फक्त गॅसचा दिसला पाहिजे. `Status` पुढे `Success` असेल आणि तरी टोकन आले नसेल, तर मात्र प्रकरण वेगळे. तेव्हा `To` पुढचा पत्ता पाहावा. तो बाजाराच्या काँट्रॅक्टचा नसून एखाद्या व्यक्तीच्या वॉलेटचा असेल, तर ती खरेदी नव्हतीच. तो विनाअट पाठवलेला पैसा होता आणि त्याच्यामागे कोणतीही तपासणी उभी नव्हती.

रद्द करण्याच्या याच यंत्रणेची दुसरी बाजू जानेवारी २०२२ मध्ये जगाने पाहिली. टोकन दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवले की जुनी विक्री संपली, असे काही मालकांनी धरले होते. सही मात्र जिवंत होती. टोकन जुन्या वॉलेटमध्ये परत येताच कुणीतरी ती जुनी सही वापरली आणि ‘बोअर्ड एप’ मालिकेतील एक टोकन, ज्याची बाजारातली किंमत कितीतरी पट होती, ०.७७ इथरला गेले. काँट्रॅक्टने नियमाप्रमाणेच काम केले होते. पडद्यावरून नाहीसे होणे आणि रद्द होणे या दोन गोष्टी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता भारतातला ग्राहक. त्याच्यापैकी अनेकांकडे इथर नसते; तो रुपये देतो आणि मधली कंपनी त्याच्या वतीने टोकन घेते. येथे एका व्यवहाराचे दोन होतात. यूपीआयचा व्यवहार आपल्यापुरता यशस्वीपणे पूर्ण होतो. ब्लॉकचेनवरचा त्यानंतर फसतो. ‘दोन्ही किंवा काहीच नाही’ ही हमी रुपयाच्या उंबरठ्यावरच संपते आणि किमतीइतकी रक्कम कंपनीकडे राहते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराकडे पुष्टी पोहोचली नाही, तर पाच दिवसांत ती परत यायला हवी आणि त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई मिळते. पण येथे पुष्टी पोहोचलेली आहे. बँकेच्या दृष्टीने काही बिघडलेलेच नाही. परतावा मग कंपनीच्या अटींवर आणि मर्जीवर उरतो. (आणि फसलेल्या व्यवहाराचा गॅस कराच्या हिशेबातही बसत नाही, २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावताना खरेदीच्या किमतीखेरीज काहीही वजा करू दिलेले नाही, आणि येथे तर खरेदीच झालेली नाही.)

हे अटळ नाही. शेअरच्या प्राथमिक विक्रीत अर्ज करणाऱ्याची रक्कम यूपीआयने त्याच्याच खात्यात अडवून ठेवली जाते आणि वाटप झाल्यावरच वजा होते. वाटप न झाल्यास ती मोकळी होते. एनएफटी रुपयांत विकणाऱ्या कंपन्यांनी हीच रीत न वापरण्याला तांत्रिक सबब नाही. शेअरसाठी पैसा काही दिवस अडकतो. इथेरियमवरचा व्यवहार सुमारे १३ मिनिटांत कायमचा ठरतो. अर्ध्या तासाची अडवणूक पुरेशी आहे. कंपनीला तेवढा वेळ स्वतःचे इथर गुंतवावे लागेल, आणि रुपये आधी घेण्याचा आग्रह बहुधा तिथूनच येतो.

त्यातही एक प्रश्न करारात आधी लिहिलेला हवा. कंपनीने ग्राहकाच्या एक लाख रुपयांचे इथर घेतले, व्यवहार उलटला आणि दरम्यान भाव चार टक्के घसरला. परत काय मिळणार: एक लाख रुपये, की आता ९६,००० रुपयांचे राहिलेले ते अर्धे इथर? पैसे भरण्याच्या पानावर हे उत्तर सापडत नसेल, तर ते बटण दाबण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारावे.