पस्तिशीत वकिली: हिशोब आधी मांडा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बारा वर्षे हिशोब लिहीत होतो. पस्तिसाव्या वर्षी नोकरी सोडली, सांगलीची भाड्याची खोली सोडून साताऱ्याला अम्मीच्या घरी आलो आणि तीन वर्षांच्या एलएलबीला बसलो. आज एकोणचाळीसचा आहे आणि एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनियर आहे. मोहल्ल्यातली पोरं विचारतात, "भाई, परवडलं का?" त्यांना मी वहीच दाखवतो.

साताऱ्याच्या लॉ कॉलेजला इस्माईलसाहेब मुल्लांचं नाव आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण अभिमानावर घर चालत नाही.

फी हा खरा खर्च नाहीच. खर्च आहे तो बुडालेल्या पगाराचा. मला महिना २२ हजार मिळत. तीन वर्षांचे झाले ७ लाख ९२ हजार. नोकरी सांभाळून शिकू म्हटलं तर वर्ग दिवसा असतात आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. पदवीनंतरची पहिली दोन वर्षे मी ६ हजारांवर धरली, म्हणजे आणखी ३ लाख ८४ हजार गेले. एकूण खड्डा ११ लाख ७६ हजारांचा.

आता भरपाई. चाळिशीनंतर महिना ३८ हजार सुटले, तर जुन्या पगारापेक्षा १६ हजार जास्त. खड्डा भरायला सहा वर्षे लागतील, तेव्हा मी सेहेचाळीसचा असेन. पण ३० हजारच सुटले तर बारा वर्षे, म्हणजे बावन्न. नोकरीतली पगारवाढ यात धरलेलीच नाही. म्हणजे सगळा निकाल एकाच आकड्यावर अवलंबून आहे: पाच वर्षे जुना वकील आपल्या तालुक्यात खरोखर किती कमावतो? तो आकडा मी नोकरी सोडल्यावर शोधला, ही माझी चूक. तुम्ही आधी रजा काढून आठवडाभर कोर्टात बसा आणि तीन-चार वकिलांना नीट विचारा.

न्यायाधीश होण्याची आशा धरून येणार असाल तर थांबा. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. पस्तिशीत सुरुवात केली तर शिक्षण आणि वकिली मिळून एक्केचाळीस उजाडते, तोवर खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा निघून गेलेली असते. सनदेचा खर्च मात्र हलका झाला आहे. जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला नोंदणी फी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

माझं मत विचाराल तर घरात दुसरी कमाई असेल आणि पाच वर्षे कर्जाचा हप्ता नसेल, तरच या. माझ्या बायकोच्या शिलाई मशीनवर आमचं घर चाललं. ती मशीन नसती तर मी दुसऱ्या वर्षीच कुपवाडला परतलो असतो, तेही कमी पगारावर.