थोरांची नावे आणि आपली आवड

स्पॉटिफायसारख्या संगीतसेवेत प्रथम नाव नोंदवताना आवडते कलावंत निवडावे लागतात, निदान तीन. स्वतःला जाणकार म्हणवणारा श्रोता तिथे लता मंगेशकर, भीमसेन जोशी, ए. आर. रहमान अशी थोरांची नावे टिपतो आणि आठवड्याभरात तक्रार करू लागतो, की या यंत्राला अभिरुचीच नाही. ही तक्रार आम्हांला मान्य नाही.

यंत्र नावाची थोरवी मोजत नाही. ते नाव ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात, हे मुख्यतः पाहते. लताबाईंना सगळेच ऐकतात. म्हणून त्या नावाने एक श्रोता दुसऱ्यापासून वेगळा होत नाही. भीमसेनांची अडचण निराळी आहे. त्यांच्या एकाच नावाखाली ख्यालही आहे आणि संतवाणीही. सकाळी अभंग लावणारी घरे पुष्कळ; मग दरबारीची अपेक्षा करणाऱ्याच्या पुढ्यात आरत्या आणि स्तोत्रे आली, तर नवल कसले? ‘मला ज्ञानेश्वर-तुकाराम आवडतात’ एवढेच सांगणाऱ्या विद्यार्थ्याची वाङ्मयीन आवड आपल्याला तरी कुठे कळते?

ज्याला ख्याल हवा, त्याने मल्लिकार्जुन मन्सूर, फैयाज खाँ, केसरबाई केरकर अशी नावे द्यावीत. ती अधिक थोर आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्याकडे वळणारा श्रोता बहुधा ख्यालासाठीच वळतो म्हणून. तिन्ही नावे एकाच घराण्याची मात्र नसावीत. तसे केल्यास तीच माहिती तीनदा दिल्यासारखे होते. ‘शास्त्रीय’ या प्रकारावर विसंबू नये. ध्यानासाठी वाजवलेली बासरीही त्याच छपराखाली येऊन बसते.

पहिली निवड फसली म्हणून खाते मोडून नवे उघडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो आम्हांला व्यर्थ वाटतो. प्रत्यक्ष ऐकणे साचू लागले, की आरंभीच्या नावांचे वजन आपोआप घटते. आवडीचे चित्र पुढेही बिघडत राहते ते घरातल्या इतरांमुळे: मुलांची अंगाईगीते, गणपतीतल्या आरत्यांची यादी. अशी यादी आपल्या आवडीच्या हिशेबातून वगळण्याची सोय स्पॉटिफायने 2023 मध्ये दिली. ती वापरावी आणि दोन-तीन आठवडे हवे ते गायन, मधेच न सोडता, पूर्ण ऐकावे. दर सोमवारी येणाऱ्या ‘डिस्कव्हर वीकली’त अनोळखी ख्यालगायक दिसू लागले, म्हणजे दुरुस्ती लागू पडली. आरत्याच येत राहिल्या, तर कोणती यादी वगळायची राहिली ते शोधावे.

एक उणीव याने भरून निघत नाही. नोंदणीच्या त्या पडद्यावर कलावंत विचारतात, राग विचारत नाहीत. सेवेवर टीका करायची तर इथे करावी. थोरांची नावे सांगून आपली आवड लपवणाऱ्याने यंत्राला अरसिक म्हणू नये.