रात्रीची गोळी, पहाटेची गाडी

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात माल हाताळणाऱ्या अनेकांना शिंका आणि नाक गळण्याचा त्रास होतो. असाच एक टेम्पोचालक मध्यंतरी माझ्याकडे आला. औषधाच्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी तो दोन दिवस तीन वेळा घेत होता. जोडीला खोकल्याचे औषधही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो गाडी घेऊन निघाला. ‘झोप आली नव्हती, डॉक्टर,’ तो म्हणाला, ‘पण चाक डांबर सोडून खाली उतरले तेव्हाच कळले.’

त्याची पाकिटे पाहिली. गोळीत आणि खोकल्याच्या औषधातही क्लोरफेनिरामाइन होते. म्हणजे एकच औषध नकळत दुप्पट गेले होते. प्रौढ व्यक्तीच्या रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण २० तास लागतात. रात्री दहाच्या मात्रेचा बराचसा भाग पहाटे पाचला अंगात असतोच; त्यात आधीच्या दिवसांची शिल्लक मिसळते.

झोप आली नाही म्हणजे मेंदू सावध आहे, असे नव्हे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायफेनहायड्रामाइन घेतलेल्यांचे वाहन चालवणे मद्य घेतलेल्यांपेक्षाही खालावले होते. किती झोप येते याविषयी त्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरून मात्र त्याचा नीट अंदाज बांधता येत नव्हता. फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांमध्ये असा परिणाम दिसला नाही.

म्हणून मनाचा कौल न घेता पाकिटावरील नाव वाचावे. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, हायड्रॉक्सिझिन, किंवा प्रवासातील मळमळीसाठी घेतले जाणारे प्रोमेथाझिन यांपैकी काही असेल, तर त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळीही वाहन चालवू नये. कडबाकुट्टीपाशीही उभे राहू नये. सेटिरिझिनने तुलनेने कमी झोप येते, पण काहींना ती निश्चित येते. त्यामुळे त्याची पहिली मात्रा सुटीच्या आदल्या रात्री घ्यावी. झोपेच्या किंवा चिंतेवरील गोळ्या, ट्रामाडॉल किंवा मद्य यांची भर पडली, तर गुंगी वाढते.

त्या चालकाला मी दोन्ही औषधे बंद करून फेक्सोफेनाडिन दिले आणि ते फळांच्या रसाबरोबर न घेता पाण्याबरोबर घ्यायला सांगितले, कारण रसामुळे ते कमी शोषले जाते. दोन दिवस त्याने गाडी भावाच्या हाती दिली.

वाटेत वारंवार जांभया आल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवेनासे झाले, किंवा गाडी कडेला सरकू लागली, तर चहा पिऊन पुढे जाऊ नका. गाडी सुरक्षित जागी उभी करा. चहाने तरतरी वाटली, तरी औषध रक्तातून जात नाही. पुढचा प्रवास दुसऱ्या चालकाकडे सोपवा. आणि पुढच्या वेळी गोळी लिहून घेताना एवढे आवर्जून सांगा, ‘डॉक्टर, मला उद्या पहाटे गाडी चालवायची आहे.’