फोटोतल्या अटी, बायोडाट्यातल्या ओळी

जाहिरातीचा फोटो मोबाईलवर आला की आम्ही त्यातल्या अटी आधी वहीत उतरवतो. कड कापली असेल तर पूर्ण फोटो मागवतो. एखादी अट तिथेच राहून जाते.

समजा, अटी तीन आहेत: टॅलीवर नोंदी, बँक जुळवणी, जीएसटी विवरणपत्र. मुलीच्या बायोडाट्यात मात्र ‘दुकानाचे हिशेब पाहिले’ एवढेच आहे. विचारल्यावर कळते, ती टॅलीत रोज 40 बिले भरायची, दरमहा पासबुकाशी मेळ घालायची. मग जाहिरातीच्याच शब्दांत ओळ होते: ‘टॅलीवर रोज 40 बिलांच्या नोंदी, दरमहा बँक जुळवणी.’

विवरणपत्र वकील भरत. ती बिलांची यादी काढून द्यायची. तेवढेच लिहावे: ‘जीएसटी विवरणपत्रासाठी बिलांची यादी तयार केली.’ ‘विवरणपत्र भरले’ लिहिले, तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडेल.